वकीलपत्रावर सही होण्यापूर्वी : महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलला खुले पत्र

माननीय अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल, यांस,



तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात वकिली करणाऱ्या आपल्या एका सभासदाने हे पत्र आपल्याकडे खाजगी टपालाने न पाठवता उघडपणे लिहिले आहे, याचे कारण असे की ज्या गोष्टीविषयी ते आहे तिचा संबंध वकिलांइतकाच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, त्यांच्या दारी येणाऱ्या अशिलांशी आहे, आणि आपल्या हक्काची वार्ता अशिलाच्या कानी पडल्यावाचून तो हक्क कागदावरच राहतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांच्या सहाव्या भागात, दुसऱ्या प्रकरणात, अशिलाप्रती असलेल्या कर्तव्यांच्या मालिकेत चौदावा नियम असे सांगतो की वकिलाने कामाच्या आरंभी आणि ते चालू असेपर्यंत, वादातील पक्षांशी असलेला आपला संबंध आणि वादविषयात असलेला आपला हितसंबंध अशिलापुढे पूर्णपणे व मोकळेपणाने मांडावा, आणि त्याला नेमावे की न नेमावे, ठेवावे की दूर करावे, याविषयीच्या अशिलाच्या निर्णयावर ज्या गोष्टीचा परिणाम होणे संभवते अशी कोणतीही गोष्ट लपवू नये. नियम निःसंदिग्ध आहे. परंतु हे निवेदन नेमके कोणत्या क्षणी करावे, कोणत्या कागदावर करावे, आणि ते करताना पूर्वीच्या अशिलाचे गुपित उघडे पडण्याची वेळ आली तर वाट कशी काढावी, याविषयी नियमात मार्गदर्शन नाही. त्यामुळे तो पाळण्याची इच्छा असलेला वकीलही अनेकदा चार शब्द तोंडी बोलून मोकळा होतो आणि त्या चार शब्दांची कोठेही नोंद राहत नाही.

लवादाच्या बाबतीत आपल्या कायद्याने ही उणीव ठेवलेली नाही. १९९६ च्या लवाद व सलोखा अधिनियमात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, लवाद म्हणून ज्याच्याकडे विचारणा होते त्याने नेमणुकीपूर्वीच, उभय पक्षांशी किंवा वादविषयाशी आपला पूर्वीचा वा वर्तमान संबंध काय आहे हे लेखी कळवावे लागते, आणि त्या निवेदनाचा नमुना अधिनियमाच्या सहाव्या परिशिष्टात छापलेला आहे. जो दोन्ही पक्षांपासून समान अंतरावर राहावयाचा त्याच्यासाठी छापील नमुना आहे, आणि ज्याच्या हाती एकाच पक्षाचे सर्वस्व सोपविले जाते त्या वकिलासाठी मात्र नाही, ही विसंगती मला फार दिवस खटकत आली आहे.

ही गोष्ट तत्त्वाच्या भाषेत सांगू लागले की प्रत्येक जण मान डोलावतो आणि विषय तेथेच संपतो, म्हणून मी एक कल्पित परंतु आपल्या कोणत्याही तालुक्यात उद्या घडू शकेल असे प्रकरण तपशिलाने मांडतो.

एक वकील तेथील सहकारी बँकेच्या पॅनेलवर आहे. बँकेकडे जमीन तारण ठेवून कर्ज मागणारा आला की त्या जमिनीच्या मालकीचा शोध घेऊन अहवाल देणे हे त्याचे नित्याचे काम असते. म्हणजे दुय्यम निबंधकाच्या दप्तरातील सूची क्रमांक दोन बहुधा तीस वर्षांपर्यंत मागे चाळावयाची, सातबारा आणि फेरफार नोंदवही पाहावयाची, आणि कर्जदाराचा हक्क निर्वेध आहे की नाही ते लिहून द्यावयाचे. तीन वर्षांपूर्वी त्याने अशाच एका वडिलोपार्जित गटाविषयी अहवाल दिला. त्या गटावर १९९८ सालचा वाटणीचा एक फेरफार होता. तोंडी वाटणी झाल्याची वर्दी वडिलांनी व दोन मुलांनी दिलेली, मुलीचे नाव त्यात कोठेच नाही, आणि नोंदणीकृत वाटणीपत्रही नाही. त्या फेरफारावर विसंबून वकिलाने थोरल्या मुलाचा हक्क निर्वेध असल्याचे मत दिले, बँकेने कर्ज दिले, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा चढला. आता वडील निवर्तल्यानंतर त्याच घरातील विवाहित बहीण त्याच वकिलाकडे येते आणि आपल्या हिश्शासाठी वाटपाचा दावा लावावयाचा असल्याचे सांगते. तिला बँकेचा बोजा सातबाऱ्यावर दिसतो. पण त्या बोजाच्या मुळाशी असलेला अहवाल आपल्यासमोर बसलेल्या गृहस्थानेच लिहिला आहे, हे तिला कोणत्याही सरकारी दप्तरातून कळण्याचा मार्ग नाही.

या बहिणीच्या दाव्याचा सारा भार कोठे पडणार आहे हे जाणकारास सांगावयास नको. हिंदू उत्तराधिकार कायद्यात झालेल्या व ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच सहदायादाचा हक्क दिला; २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना त्या कायद्याने अभय दिले खरे, परंतु वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली वाटणी, असा तिचा अर्थ मर्यादित केला. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की केवळ तोंडी पुराव्यावर उभी राहिलेली वाटणीची कैफियत स्वीकारता येणार नाही, आणि सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असलेल्या अपवादात्मक प्रकरणातच तिचा विचार होईल. १९९८ चा तो एकटा फेरफार या अपवादात बसतो की नाही, हाच दाव्यातील कळीचा प्रश्न होय. आणि त्या प्रश्नावर वकिलाने आपले मत स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी, फी घेऊन, तीन वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले आहे.

अशा वकिलाने तो दावा स्वीकारला तर तो बहिणीशी खोटे बोलेल, किंवा भावाकडून पैसे घेऊन दावा पाडील, असे मला सुचवावयाचे नाही. असे वकील विरळा, आणि त्यांच्यासाठी दुसरे नियम आहेत. हितसंबंधांच्या संघर्षातून होणारी हानी बहुधा असत्यातून होत नाही. ती न दिलेल्या सल्ल्यातून होते. दाव्यात बँकेला प्रतिवादी करावे काय, बोजा बहिणीच्या हिश्शावर बंधनकारक नाही अशी स्वतंत्र मागणी करावी काय, १९९८ च्या फेरफारावर पहिल्याच परिच्छेदात हल्ला चढवावा की तो गौण मानावा, हे सारे मसुदा लिहिणाऱ्याच्या विवेकाचे प्रश्न आहेत, आणि प्रत्येकाला दोन प्रामाणिक उत्तरे असू शकतात. परंतु ज्याची दरमहाची मिळकत त्या बँकेच्या कामावर अवलंबून आहे आणि ज्याचा स्वतःचा अहवाल दावा यशस्वी झाल्यास चुकीचा ठरणार आहे, त्याच्या मनाला त्या दोन उत्तरांपैकी सौम्य उत्तरच शहाणपणाचे वाटू लागते, आणि आपण कोणाचा पक्षपात करीत आहोत याची त्याची त्यालाही जाणीव होत नाही. बँकेला विनाकारण कशाला ओढावे, खर्च वाढेल, निकाल लांबेल, असे तो म्हणतो; ते पुष्कळदा खरेही असते; आणि ज्या अशिलाला त्याचा संबंध ठाऊक नाही तिला, हे खरे आहे म्हणून सांगितले जात आहे की सोयीचे आहे म्हणून, हे ओळखण्याचे कोणतेही साधन उरत नाही. पूर्वसूचनेचे प्रयोजन हेच आहे. त्या सूचनेमुळे सल्ला तोलण्याचा काटा अशिलाच्या हाती जातो.

आता ही सूचना केव्हा द्यावी? नियमातील ‘आरंभी’ या शब्दाचा अर्थ पुष्कळ जण वकीलपत्रावर सही होण्याच्या सुमारास असा करतात. माझ्या मते तोवर उशीर झालेला असतो. बहीण खुर्चीवर बसली, तिने आपली सर्व हकीकत सांगितली, भावाशी झालेली बोलणी, हाताशी असलेले साक्षीदार, स्वतःच्या बाजूचे कच्चे दुवे, किती रकमेवर तडजोड करण्याची तयारी आहे ते सारे सांगून टाकले, आणि त्यानंतर वकिलाने म्हटले की मी बँकेच्या पॅनेलवर आहे, तर त्या निवेदनाचा तिला काय उपयोग? तिचे गुपित आता अशा माणसाच्या मनात शिरले आहे की जो उद्या बँकेलाही सल्ला देणार आहे. उलट बाजूने पाहता वकिलाचेही नुकसान होतेच. कारण तेहतिसाव्या नियमाप्रमाणे दावा लावण्यासंबंधी एकदा सल्ला दिला की वकीलपत्र घेतलेले नसले तरी विरुद्ध पक्षाकडून उभे राहता येत नाही, आणि अर्ध्या तासाच्या बोलण्यात तो बँकेचे त्या प्रकरणातील कामही गमावून बसतो.

म्हणून क्रम असा असावयास पाहिजे की पक्षकाराने हकीकत सांगण्यास प्रारंभ करण्यापूर्वी कारकुनाने किंवा वकिलाने स्वतः तीनच गोष्टी विचाराव्यात : येणाऱ्याचे नाव, ज्यांच्याविरुद्ध काम आहे त्यांची व ज्यांचा मालमत्तेत हक्क वा बोजा आहे त्यांची नावे, आणि मालमत्तेचा गाव व गट क्रमांक. त्यानंतर दप्तरातील वही पाहावी. ही वही म्हणजे काही मोठे प्रकरण नव्हे. पूर्वी केलेल्या प्रत्येक कामाची नोंद अशिलाच्या, प्रतिपक्षाच्या आणि मालमत्तेच्या नावाने लावलेली असली म्हणजे झाले. मात्र बहुतेक वकिलांच्या नोंदवह्या दाव्याच्या क्रमांकावरून लावलेल्या असतात, आणि शोध अहवालाला दाव्याचा क्रमांक नसतो; यामुळे नेमके जे काम संघर्षाचे कारण होते तेच वहीत सापडत नाही. शोध अहवाल, नोटीस, मृत्युपत्राचा मसुदा, खरेदीखताची तपासणी ही न्यायालयाबाहेरची कामे गट क्रमांकावरून सापडतील अशी लावलेली नसली, तर चौदावा नियम पाळण्याची इच्छा असूनही तो पाळता येणार नाही.

तातडीचे काम असते तेव्हा हा क्रम मोडण्याचा मोह होतो. भाऊ उद्याच खरेदीखत नोंदविणार आहे, आजच मनाईहुकुमाचा अर्ज दाखल झाला पाहिजे, अशा वेळी चौकशीस सवड कोठली, असे विचारले जाते. तथापि तीन नावे आणि एक गट क्रमांक विचारावयास जो वेळ लागतो तो अर्जाचा एक परिच्छेद सांगून लिहवून घेण्याहून कमी आहे. आणि मागाहून संबंध उघडकीस आला तर होणारा विलंब मात्र फार मोठा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसऱ्या आदेशाच्या चौथ्या नियमाप्रमाणे दाखल झालेले वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीवाचून संपत नाही, आणि नव्या वकिलाला आधीच्याची संमती किंवा न्यायालयाची अनुज्ञा घेतल्यावाचून उभे राहता येत नाही. ज्या तारखेला मनाईहुकुमावर युक्तिवाद व्हावयाचा ती तारीख वकील बदलण्याच्या अर्जात जाते, आणि तेवढ्या अवकाशात जमीन तिसऱ्याच्या नावावर होऊ शकते.

निवेदनात काय असावे, याविषयी चौदाव्या नियमाने दिलेली कसोटी मला अत्यंत समर्पक वाटते, कारण ती वकिलाच्या दृष्टीने नव्हे तर अशिलाच्या दृष्टीने लावावयाची आहे. मी निःपक्षपाती राहू शकेन असे वकिलाला वाटते की नाही, हा प्रश्नच नाही. ही गोष्ट कळली असती तर या अशिलाने कदाचित वेगळा निर्णय घेतला असता काय, एवढाच प्रश्न आहे. लहान गावात प्रत्येकाचा प्रत्येकाशी काही ना काही संबंध असतोच, आणि प्रत्येक सोयरीक सांगत बसले तर कचेरी ओस पडेल, हा आक्षेप या कसोटीपुढे टिकत नाही. प्रतिवादीचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा एकाच शाळेत आहेत हे सांगण्याची गरज नाही. परंतु प्रतिपक्षाकडून वकिलाला पैसे मिळतात, किंवा मिळत आले आहेत. वादाच्या विषयावर त्याने पूर्वी लेखी मत दिले आहे. प्रतिपक्ष त्याचा जवळचा नातलग आहे. अथवा पूर्वीच्या कामात त्याला असे काही कळले आहे की जे या कामात उपयोगी किंवा अपायकारक ठरेल. यांपैकी एकही गोष्ट असली तर ती सांगितल्यावाचून पुढे जाऊ नये. आपल्या उदाहरणात यांतील तीन गोष्टी एकत्र आलेल्या आहेत.

आणि येथेच सर्वांत कठीण पेच उभा राहतो. बहिणीला पूर्ण निवेदन करावयाचे तर मी या गटाचा अहवाल बँकेसाठी लिहिला असे सांगावे लागणार. पण तो अहवाल बँकेचा आहे, आणि अशिलाने सोपविलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीवाचून उघड न करण्याचे बंधन वकिलावर काम संपल्यानंतरही राहते. पूर्वी हे बंधन पुरावा कायद्याच्या १२६ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमात आहे. एका अशिलाशी मोकळेपणा राखण्यासाठी दुसऱ्याचा विश्वासघात करावयाचा, असा अर्थ चौदाव्या नियमाचा होऊ शकत नाही. तेव्हा वाट एकच राहते : बहिणीला थांबावयास सांगून, तिच्या येण्याचा हेतू न कळविता, बँकेला एवढेच विचारावयाचे की अमुक गटाच्या मालकीचा शोध मी आपल्यासाठी घेतला होता ही गोष्ट मी आवश्यक पडल्यास तिसऱ्या व्यक्तीला सांगावी काय. बँकेने संमती दिली तर अहवालाचे अस्तित्व सांगता येईल, आतील मजकूर नव्हे. संमती मिळाली नाही, किंवा असा प्रश्न विचारणे हीच बहिणीच्या गुपिताची सूचना ठरेल असे दिसले, तर काहीही कारण न देता काम नाकारावे, आणि ‘हे काम मला घेता येत नाही, आपण आजच दुसऱ्या वकिलाकडे जावे’ एवढेच लिहून द्यावे. नकारावरून चतुर माणूस काही तर्क करील हे खरे. तो तर्क टाळण्याचा उपाय नाही, परंतु तर्क आणि प्रकटीकरण यांत जे अंतर आहे ते राखणे वकिलाच्या हाती आहे.

यात आणखी एक गुंतागुंत आहे, आणि तिच्याकडे फारच थोडे लक्ष जाते. शोध अहवालाची फी बँक पुष्कळदा कर्जदाराच्या खात्यातून वळती करून घेते. परिणामी थोरल्या भावाची अशी प्रामाणिक समजूत असते की फी मी दिली, कागद मी नेऊन दिले, तेव्हा हा वकील माझाच. कायद्याने अहवाल बँकेला दिलेला असला तरी त्या भावाने कागद देताना घरातील कितीतरी गोष्टी विश्वासाने सांगितलेल्या असतात; बहिणीला लग्नात काय दिले, तिने हक्कसोडपत्र देण्याचे का नाकारले, इत्यादी. तोच वकील उद्या बहिणीच्या बाजूने उभा राहिला तर भावाच्या मनात वकिलीच्या व्यवसायाविषयी जे मत तयार होईल ते कोणत्याही नियमाने पुसता येणार नाही. अहवालासाठी कागद घेतानाच कर्जदाराला ‘मी बँकेचा वकील आहे, आपला नव्हे’ असे लेखी सांगून ठेवले तर हा घोटाळा मुळातच होत नाही, आणि हे निवेदनही मी पूर्वसूचनेचाच भाग मानतो.

समजा, बँकेने संमती दिली. आता निवेदन कसे असावे? माझ्या कल्पनेप्रमाणे त्याचा मजकूर साधारण असा असावा : ‘आपण ज्या जमिनीविषयी माझ्याकडे आला आहात तिच्या मालकीबाबत मी पूर्वी अमुक बँकेला लेखी मत दिले आहे. त्या मतातील मजकूर मला सांगता येत नाही. या बँकेकडून मला नियमित काम व मोबदला मिळतो. आपल्या कामात त्या बँकेच्या हिताविरुद्ध भूमिका घेणे आवश्यक झाल्यास मला ती घेता येणार नाही, आणि तेव्हा आपल्याला दुसरा वकील नेमावा लागेल. आपण माझ्याकडून काम करून घेतलेच पाहिजे असे नाही. निर्णय घेण्यापूर्वी दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा.’ हे मराठीत असावे, अशिलाला वाचून दाखवावे, एक प्रत तिच्याकडे राहावी, आणि संमतीची सही त्याच बैठकीत घेऊ नये. समोर बसलेल्या मोठ्या वकिलाला ‘मला हरकत आहे’ असे तोंडावर म्हणण्याचे धैर्य खेड्यातून आलेल्या बाईला असेल असे गृहीत धरणे म्हणजे संमतीचे नाटक होय.

परंतु वरील मजकुरातील चौथे वाक्य पुन्हा वाचले असता ध्यानात येईल की आपल्या प्रकरणात वाटपाचा दावा या वकिलाने घेणे संमतीनेही शक्य नाही. बँकेचा बोजा बहिणीच्या हिश्शावर लागू नाही असे म्हणावयाचे तर बँक प्रतिपक्ष होते, आणि तेथे तेहतिसावा नियम आडवा येतो. बँकेला वगळून दावा लावावयाचा तर ज्या न दिलेल्या सल्ल्याविषयी मी वर लिहिले तोच सल्ला न देण्याचे हे अगोदर ठरविणे झाले. शिवाय अहवाल कसा तयार झाला याविषयी वकिलालाच साक्षीदार म्हणून बोलाविले जाण्याचा संभव असेल तर तेराव्या नियमाप्रमाणे त्याने वकीलपत्र घेताच कामा नये. अशा अहवालाची जोखीम किती व्यक्तिगत असते हे २०१२ सालच्या एका प्रकरणावरून दिसले आहे. हैदराबादकडील एका पॅनेल वकिलाला गृहकर्जांच्या संदर्भात दिलेल्या मतांवरून फौजदारी खटल्यात आरोपी करण्यात आले होते, आणि उच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला व कटातील सहभाग दिसत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, तरी निष्काळजीपणाची व्यावसायिक जबाबदारी वेगळी राहते हे स्पष्ट झाले. ज्याच्या डोक्यावर ही टांगती जबाबदारी आहे त्याने, त्याच अहवालाचा पाया उखडणारे युक्तिवाद पूर्ण बळाने करावेत ही अपेक्षाच अमानुष आहे.

याच्या उलट, बहीण दावा लावावयास आलेली नसून भावाशी समेट करून कौटुंबिक व्यवस्थापत्र लिहवून घ्यावयास आली असेल, बँकेचे कर्ज फेडून बोजा उतरविण्याचे भावाने कबूल केले असेल, आणि बँकेच्या हिताला बाध येत नसेल, तर वरीलप्रमाणे लेखी निवेदन करून, बहीण, भाऊ व बँक या तिघांचीही लेखी संमती घेऊन, त्या वकिलाने मसुदा करण्यास माझ्या मते हरकत नसावी. १९८३ साली राजस्थानातील एका वकिलाच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मांडले की सर्व संबंधितांपुढे पूर्ण वस्तुस्थिती ठेवून त्यांची स्पष्ट संमती घेतल्याखेरीज परस्परविरोधी हितांचे प्रतिनिधित्व करणे व्यवसायाला अनुचित होय. निवेदनाने काही कामे शुद्ध होतात, काही होत नाहीत. हा भेद अशिलाला समजावून देणे हाही निवेदनाचाच अंश आहे. आणि समेट फिसकटून दाव्याची वेळ आली तर त्या क्षणी जुनी संमती निकामी होते व वकिलाला दोघांकडूनही बाजूला व्हावे लागते, हे त्या कागदावर पहिल्याच दिवशी लिहिलेले असावे.

आता आपल्याकडे मागणी काय, ते सांगतो. वकिलांच्या वर्तनाचे नियम करण्याचा अधिकार वकील अधिनियम, १९६१ च्या ४९ व्या कलमाने बार कौन्सिल ऑफ इंडियाला दिलेला आहे, आपल्याला नव्हे, हे मी जाणतो. तथापि मार्गदर्शक नमुना तयार करून तालुका व जिल्हा वकील संघांकडे धाडण्यास, त्यावर व्याख्याने ठेवण्यास, आणि नियमात तशी भर घालावी अशी शिफारस दिल्लीला करण्यास आपल्याला कोणाची आडकाठी नाही. वकीलपत्रासोबत जोडावयाचा एक पानी मराठी नमुना आपण काढावा. त्यात पूर्वीचा संबंध, चालू मोबदला, दिलेली मते आणि काम सोडावे लागण्याचे प्रसंग एवढ्या चारच बाबी असाव्यात. संबंध नसेल तेथेही ‘नाही’ असे लिहून सही करण्याची प्रथा पडावी, म्हणजे विचार न करता सही करणे कठीण होईल. नव्या सनदधारकांना नोंदणीच्या वेळी हा नमुना आणि मालमत्तेवरून लावावयाच्या वहीचे एक पान द्यावे.

या नमुन्याचा एक लाभ आपल्या शिस्तभंग समित्यांनाही होईल. ३५ व्या कलमाखाली येणाऱ्या तक्रारीत अशील म्हणतो मला काही सांगितले नाही, वकील म्हणतो सर्व सांगितले होते, आणि एका वर्षाच्या मुदतीत निकाल देण्याचे बंधन असलेल्या समितीला दोन तोंडी विधानांमधून सत्य शोधावे लागते. दिनांकित कागद असला तर प्रामाणिक वकील पहिल्याच तारखेला सुटेल, आणि कागद नसला तर तो का नाही याचे उत्तर वकिलाला द्यावे लागेल. पुराव्याचा भार ज्याच्याकडे ज्ञान होते त्याच्याकडे जाईल, आणि तो तेथेच असणे न्याय्य आहे.

हे पत्र वाचणाऱ्या अशिलांनाही एक विनंती. आपण वकिलाच्या कचेरीत पाऊल टाकाल तेव्हा हकीकत सांगण्यापूर्वी प्रतिपक्षाचे नाव व गट क्रमांक सांगा, आणि विचारा की या माणसाचे, या बँकेचे, या जमिनीचे काम आपण कधी केले आहे काय, आणि उत्तर लिहून द्याल काय. हा प्रश्न विचारण्यात वकिलाचा अपमान नाही. ज्याला त्याचे उत्तर लिहून देता येते तो आनंदाने देईल, आणि ज्याला देता येत नाही त्याच्याकडून आपण आपले कागद परत घेऊन निघावे.



आपला,
तालुका न्यायालयातील एक वकील